बँकेत वटवलेली हुंडी परत आली, तर वहीत काय लिहायचं?

प्रश्न: मी इचलकरंजीत सुताचा छोटा व्यापारी आहे. विट्याच्या एका मागवाल्यावर १,२०,००० रुपयांची तीन महिन्यांची हुंडी काढली, त्याने सही केली, मी महिन्याभराने ती बँकेत वटवून घेतली. मुदतीच्या दिवशी त्याने पैसे भरले नाहीत आणि बँकेने माझ्या खात्यातून रक्कम काढून घेतली. आता तो थोडे पैसे देऊन बाकीची नवी हुंडी द्यायला तयार आहे. वहीत नोंदी कशा करायच्या? बँकेने कापलेला बट्टा परत उलटवायचा का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. बट्टा उलटवायचा नाही. बँकेने तुम्हाला मुदतीच्या दोन महिने आधी पैसे वापरायला दिले, त्याचं ते भाडं आहे. तुम्ही पैसे वापरले, भाडं दिलं, तो व्यवहार संपला. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले म्हणून ते भाडं परत येत नाही, आणि आधी ठरलं नसेल तर ते त्याच्या नावेही टाकता येत नाही. बाकीच्या नोंदी मात्र क्रमाने पाहाव्या लागतील. त्यासाठी ही हुंडी १२ मेची आहे असं धरतो.

सूत विकलं तेव्हा विक्रीची नोंद झालीच असेल आणि विट्याच्या मागवाल्याच्या खाती १,२०,००० नावे पडले असतील. तुम्ही हुंडी काढून पाठवलीत तेवढ्याने वहीत काहीही लिहायचं नसतं. त्याने सही करेपर्यंत तो कागद म्हणजे तुमची मागणी असते, त्याचं वचन नसतं. हुंडी समोर ठेवल्यावर विचार करायला कायदा त्याला सुट्ट्या सोडून ४८ तास देतो. सकारताना हुंडीच्या तोंडावर आडवं ‘स्वीकारले’, सही, तारीख आणि पेढीचा शिक्का असावा. कायद्याला नुसती सहीही पुरते, पण बँकेच्या टेबलावर नुसती सही पुरत नाही. गिऱ्हाईक भागीदारी पेढी असेल तर सही कुणाची आहे ते बघा. पेढीचा अधिकार नसलेल्या पुतण्याने किंवा मुनिमाने केलेली सही पुढे भांडणाचं मूळ होते. आणि त्याने जर ‘एक लाखापुरते स्वीकारले’ असं काही लिहिलं असेल, तर ती अटीची सकार झाली. ती तुम्ही नाकारू शकता.

सकारलेली हुंडी हातात आली की कीर्दीत पहिली नोंद:

येणे हुंडी खाते नावे १,२०,०००
विट्याच्या गिऱ्हाइकाच्या खाती जमा १,२०,०००

शाळेच्या पुस्तकात याला प्राप्य विपत्र खाते म्हणतात. नाव कुठलंही ठेवा, पण एकच ठेवा. त्याच्या वहीत याच दिवशी तुमच्या खाती १,२०,००० नावे आणि देणे हुंडी खाती जमा होतात. बाकी फिटली असा याचा अर्थ नाही. साधी उधारी होती, तिची आता तारीख ठरलेली लेखी जबाबदारी झाली, एवढंच.

मुदतीची तारीख काढताना घाई करू नका. तीन महिने म्हणजे १२ ऑगस्ट. त्यात सवलतीचे तीन दिवस मिळवले की १५ ऑगस्ट. तो स्वातंत्र्यदिन, म्हणून हुंडी आदल्या कामाच्या दिवशी, म्हणजे १४ ऑगस्टला देय होते. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ मध्ये सुट्टीच्या बाबतीत तारीख पुढे नाही, मागे सरकते. याच हुंडीत तीन महिन्यांऐवजी ‘नव्वद दिवस’ लिहिलं असतं तर दिवस मोजून १० ऑगस्ट आला असता आणि सवलतीचे दिवस धरून १३ ऑगस्ट. एका दिवसाचा फरक किरकोळ वाटतो, पण बँक त्या एका दिवसाचा बट्टाही मोजते आणि चुकीच्या दिवशी केलेली मागणी ही मागणीच नव्हती असं समोरचा वकील म्हणू शकतो.

हुंडी मराठीत हाताने लिहिली असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. या कायद्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषेतल्या कागदांना स्थानिक रूढी लागू राहील अशी मोकळीक आहे. ती टाळायची तर ‘या हुंडीला परक्राम्य संलेख अधिनियम लागू राहील’ अशा अर्थाचं वाक्य हुंडीच्या मजकुरातच घाला, नाहीतर बँकेचा छापील नमुना वापरा. मुदती हुंडीला मुद्रांक लागतो की माफी आहे, हेही काढण्याआधीच बँकेत विचारून घ्या. इतर बऱ्याच दस्तांवर नंतर दंड भरून मुद्रांकाची तूट भरून काढता येते. हुंडीला ती सोय नाही. मुद्रांक कमी पडला तर कोर्टात तो कागद पुरावा म्हणून उभाच राहत नाही.

आता वटवण्याकडे येतो. तुम्ही १२ जूनला हुंडी बँकेत नेलीत. बट्ट्याचा दर १२ टक्के धरू. पुस्तकातलं गणित दोन महिने धरून २,४०० काढतं. बँक मात्र १२ जून ते १४ ऑगस्टपर्यंतचे ६३ दिवस मोजते: १,२०,००० चे वर्षाचे १४,४००, गुणिले ६३, भागिले ३६५, म्हणजे २,४८५ रुपये. बँक तुमच्या खात्यात १,१७,५१५ जमा करते.

बँक खाते नावे १,१७,५१५
बट्टा खाते नावे २,४८५
येणे हुंडी खाते जमा १,२०,०००

हाताळणीचं शुल्क कापलं असेल तर ते बट्ट्यात मिसळू नका. त्यावर जीएसटी असतो आणि त्याचं क्रेडिट तुम्हाला घेता येतं. बट्ट्यावर तो नसतो. गिऱ्हाइकाच्या वहीत या दिवशी काहीच लिहायचं नाही. हुंडी कुणाच्या हातात आहे याने त्याचं देणं बदलत नाही. मी तपासायला घेतलेल्या वह्यांत काही गिऱ्हाइकांनी इथे बँकेच्या नावाने खातं उघडलेलं दिसलं. ते पूर्ण चूक आहे.

या नोंदीत एक धोका लपलेला आहे. येणे हुंडी खाते शून्य झालं आणि गिऱ्हाइकाचं खातं आधीच शून्य होतं. म्हणजे वहीनुसार या माणसाकडून तुम्हाला एक पैसाही येणे नाही आणि बँकेलाही काही देणे नाही. पण खरी परिस्थिती तशी नाही. बँकेने हुंडी विकत घेतली तरी तिच्यावर तुमची सही आहे, आणि १४ ऑगस्टपर्यंत ती पटली नाही तर बँक तुमच्याकडे येणार. मधल्या काळात ३१ मार्च आला असता तर ताळेबंदाखाली ही रक्कम संभाव्य देणे म्हणून टिपेत दाखवावी लागली असती. ज्यांच्या एका वेळी पाच-दहा हुंड्या बँकेत असतात त्यांना मी वेगळी पद्धत सुचवतो: वटवताना येणे हुंडी खाती जमा न करता ‘वटवलेल्या हुंड्या’ नावाच्या वेगळ्या खाती जमा करा. मग दोन्ही खाती मुदतीपर्यंत समोरासमोर उभी राहतात आणि किती रकमेची टांगती तलवार आहे ते खतावणी उघडताच दिसतं. हुंडी पटली की दोन्ही एकमेकांत वळवून बंद करायची. तुमची एकच हुंडी असेल तर वरची साधी नोंद पुरे.

१४ ऑगस्टला बँकेने हुंडी विट्याला हजर केली, पैसे मिळाले नाहीत. बँकेने नोटरीकडून नोटिंग करून घेतलं, त्याचे २५० रुपये झाले असं धरू. नोटिंग म्हणजे हुंडी कोणत्या दिवशी हजर केली आणि काय कारणाने परत आली, याची नोटरीने हुंडीवर किंवा तिला जोडलेल्या कागदावर केलेली टीप. देशातल्या देशात फिरणाऱ्या हुंडीला ते सक्तीचं नाही, पण पुढे वाद झाला तर त्या एका टिपेने बरंच काम होतं. बँकेने तुमच्या खात्यातून १,२०,२५० काढले. नोंद एकच:

विट्याच्या गिऱ्हाइकाच्या खाती नावे १,२०,२५०
बँक खाते जमा १,२०,२५०

इथे चार ठिकाणी पाय घसरतो. पहिली चूक, येणे हुंडी खाती नावे टाकणे. ते खातं वटवतानाच बंद झालं आहे, आणि परत आलेली हुंडी ही आता येणे हुंडी उरलीच नाही. मोडलेल्या वचनाची साधी उधारी झाली. म्हणून गिऱ्हाइकाचं खातं पुन्हा जिवंत करायचं. दुसरी चूक, बँकेला १,१७,५१५ च परत दिले असं धरणे. बँक पूर्ण १,२०,००० काढते, कारण बट्टा तिने कमावलेला आहे. तिसरी चूक, नोटिंगचे २५० स्वतःच्या खर्चात टाकणे. हुंडी हजर करण्याचा आणि नोटिंगचा रास्त खर्च सकारणाऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, म्हणून तो त्याच्या नावे. चौथी चूक तारखेची. बँकेचं पत्र तुम्हाला १७ किंवा १८ तारखेला मिळतं आणि मुनीम त्या तारखेला नोंद करतो. बँकेने रक्कम कापली ती तारीख पासबुकात बघा आणि तीच लिहा, नाहीतर व्याजाचा हिशेबही चुकतो आणि बँकेचा मेळही बसत नाही.

गिऱ्हाइकाच्या वहीत देणे हुंडी खाती १,२०,००० आणि नोटिंग खर्च २५० नावे, तुमच्या खाती १,२०,२५० जमा.

हुंडी बँकेत वटवली नसती तर फक्त जमेची बाजू बदलली असती. तुमच्या तिजोरीत असती तर येणे हुंडी खाती जमा. तुम्ही एखाद्या सूतगिरणीला देणं भागवायला पुढे सही करून दिली असती तर त्या गिरणीच्या खाती जमा. नुसती वसुलीसाठी बँकेकडे दिली असती तर हुंडीची रक्कम वसुलीच्या हुंड्यांच्या खाती आणि नोटिंगचा खर्च बँकेच्या खाती जमा. नावेची बाजू मात्र प्रत्येक वेळी तोच माणूस, ज्याने सकारून पैसे दिले नाहीत.

आता नव्या हुंडीबद्दल. तुमच्या बाबतीत जुनी हुंडी परत आल्यावर बोलणं झालं, ते सोपं आहे. पण बऱ्याचदा गिऱ्हाईक मुदतीच्या आठवडाभर आधीच येतो आणि म्हणतो, जमणार नाही, नवी घ्या. तेव्हा जुनी हुंडी बँकेत असते हे विसरलं जातं. माझ्याकडे येणाऱ्या एका गुळाच्या व्यापाऱ्याने असंच केलं होतं. मुदतीच्या पाच दिवस आधी दोन महिन्यांची नवी हुंडी घेतली, मोकळ्या मनाने सांगितलं की जुनी विसरा, आणि बँकेला काही कळवलं नाही. बँकेने ठरल्या दिवशी जुनी हजर केली, गिऱ्हाइकाने ‘ही तर बदलली’ म्हणून परत लावली. बँकेने रक्कम कॅश क्रेडिट खात्यातून कापली, खातं मर्यादेबाहेर गेलं आणि त्याच आठवड्यात शेतकऱ्यांना दिलेले त्याचे दोन चेक परत आले. गूळ तर कधीच विकला गेला होता. गेली ती त्याची बाजारातली पत. त्याला मी दोष देत नाही, कारण अशा वेळी काय करायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नवी घेण्याआधी बँकेत जायचं, स्वतः पैसे भरून जुनी सोडवायची, तिच्यावर ‘रद्द’ लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या, मग नवी घ्यायची. नोंद तीच: गिऱ्हाईक नावे, बँक जमा, फक्त नोटिंगचा खर्च येत नाही.

तुमच्या हिशेबात धरू की १७ ऑगस्टला तो ४०,२५० रुपये देतो आणि उरलेल्या ८०,००० ची दोन महिन्यांची हुंडी सकारतो. व्याज वर्षाला १५ टक्के ठरलं तर दोन महिन्यांचं २,००० होतं. व्याज रोख घ्यायचं की हुंडीत मिळवायचं ते आधी ठरवा. हुंडीत मिळवलं तर ती ८२,००० ची होते. जुनी बाकी १४ तारखेच्या नोंदीने वहीत आधीच उभी आहे, म्हणून आता एवढंच:

गिऱ्हाइकाच्या खाती नावे २,०००, व्याज खाते जमा २,०००
बँक खाते नावे ४०,२५०, गिऱ्हाइकाच्या खाती जमा ४०,२५०
येणे हुंडी खाते नावे ८२,०००, गिऱ्हाइकाच्या खाती जमा ८२,०००

ताळा करून बघा: १,२०,२५० आणि २,००० मिळून १,२२,२५० नावे; ४०,२५० आणि ८२,००० मिळून तेवढेच जमा. खातं शून्य. ते शून्य झालं नाही तर बहुधा व्याजाची नावेची नोंद राहिली आहे आणि ८२,००० सरळ जमा केले गेले आहेत. गिऱ्हाइकाची बाकी उलटी, म्हणजे जमेची दिसू लागली की ही चूक हमखास सापडते.

हे व्याज मालाचे पैसे उशिरा दिल्याबद्दलचं आहे, म्हणून जीएसटीच्या कायद्यात ते मालाच्या किमतीतच धरलं जातं. सुताला जो दर, तोच व्याजाला, आणि कर भरायची वेळ व्याज प्रत्यक्ष मिळेल तेव्हा. त्यासाठी डेबिट नोट काढा. वरच्या आकड्यांत हा कर मी धरलेला नाही, नाहीतर नोंदींचा सांगाडा झाकला गेला असता. हुंडी करताना मात्र तो कोण भरणार हे बोलून घ्या.

नवी हुंडी लगेच वटवायला नेऊ नका. बँका खऱ्या मालाच्या व्यवहारातून निघालेलीच हुंडी वटवतात, तसे त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. या हुंडीमागे नवा माल नाही, जुनी बाकी आहे. न्यायचीच असेल तर हे बँकेला स्पष्ट सांगून न्या. दुसऱ्या बिलाची प्रत जोडून ती नव्या मालाची आहे असं भासवणं फार महागात पडतं.

आणखी एक, कारण हा प्रश्न तुम्ही पुढे विचारणारच. चेक परत आला की कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करता येते, हुंडीला ती सोय नाही. हुंडीवर दिवाणी दावाच, मुदतीच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत. तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त पद्धतीने लावता येतो, म्हणजे समोरच्याला बचाव करायलाही आधी कोर्टाची परवानगी लागते. म्हणून मुद्रांक, तारीख आणि सही नीट असलेली हुंडी हातात असणं महत्त्वाचं. हुंडीच्या मागे त्याच्या भावाने किंवा आणखी कुणी जामिनकीसाठी सही केली असेल तर हुंडी परत आल्याची नोटीस त्याला लगेच, शक्यतो दुसऱ्याच दिवशी पाठवा. सकारणाऱ्याला नोटीस नसली तरी तो सुटत नाही, मागे सही करणारा मात्र सुटू शकतो.

१७ ऑगस्टच्या दोन महिन्यांच्या हुंडीची मुदत सवलतीचे दिवस धरून २० ऑक्टोबरला येते. पैसे आले की बँक खाते नावे ८२,०००, येणे हुंडी खाते जमा ८२,०००. तो महिनाभर आधीच पैसे घेऊन आला आणि तुम्ही व्याजातले ९०० सोडलेत, तर बँक नावे ८१,१००, सूट खाते नावे ९००, येणे हुंडी खाते जमा ८२,०००. आणि त्या दिवशी सही केलेली हुंडी त्याच्या हातात परत द्या, कारण ती तो मागणारच आणि तो त्याचा हक्क आहे.